पाळीच्या कळा : गोळी घ्याच, पण शेकाला कमी समजू नका

ईट (ता. भूम) : बारावीचा पेपर अकरा वाजता. सकाळी सहालाच पाळी आली, ओटीपोटात कळ उठली, कंबर धरली. घरातलं कुणी म्हणतं, "गोळी घे आणि जा." आजी म्हणते, "गोळ्या खाऊन पिशवी खराब होते, शेक घे." आई मधल्या मध्ये. आठपर्यंत काहीच न करता मुलगी अंथरुणात मुरगाळून पडलेली असते, आणि मग घाईघाईत रिकाम्या पोटी गोळी दिली जाते.

हे चित्र ईटमधल्या बऱ्याच घरांत ओळखीचं वाटेल. यात आजीचं निम्मं बरोबर आहे, आईचंही निम्मं बरोबर आहे. गोळी की शेक, हा प्रश्नच मुळात चुकलेला आहे. दोन्ही एकत्र घेता येतात, आणि एकत्र घेतल्यावर आराम लवकर पडतो, हे तपासून पाहिलेलं आहे. मात्र कोणत्या उपायामागे किती पुरावा आहे, हे सगळ्यांना एकाच मापाने सांगता येत नाही. शेकाचा पुरावा बरा आहे, व्यायामाचा आहे पण वेगळ्या कामासाठी, आणि बाकीच्यांचा पातळ आहे.

कळ नेमकी कशामुळे येते

गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. पाळीच्या वेळी आतलं अस्तर सुटतं, तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बाहेर पडतात. ती पिशवीच्या स्नायूला आवळायला लावतात. स्नायू जोरात आवळला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, तेवढा वेळ रक्त कमी पोचतं आणि दुखतं. पिंढरीत गोळा आला की जसं होतं, साधारण तसंच. हीच द्रव्यं जास्त झाली तर मळमळ, जुलाब, डोकेदुखीही होते. म्हणून काही मुलींना पाळीत पातळ शौचाला होतं, त्यात घाबरण्यासारखं नसतं.

गोळी काय करते, हे यावरून कळतं. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही द्रव्यं तयार होऊ देत नाही. आधीच तयार झालेली द्रव्यं मात्र ती पुसून टाकत नाही. त्यामुळे कळ सुरू होताच किंवा पाळी येतेय असं वाटताच घेतलेली गोळी चांगली लागू पडते. दोन तास सोसून मग घेतली तर तेवढा गुण येत नाही. "आमच्या पोरीला गोळी लागूच पडत नाही" असं म्हणणाऱ्या अनेक घरांत गोळीचा दोष नसतो, घेण्याची वेळ चुकलेली असते.

शेकाचं काम वेगळ्या वाटेने चालतं. उष्णतेने त्या भागातला रक्तपुरवठा वाढतो, आवळलेला स्नायू सैल होतो आणि कातडीला मिळालेली ऊब दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचताना तो थोडा दाबून टाकते. गोळी एका वाटेने आणि शेक दुसऱ्या वाटेने काम करतो, म्हणूनच दोघांची बेरीज होते.

शेक : आजीचं म्हणणं तपासलं गेलं

२००१ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ८० महिलांचे गट पाडले. काहींच्या ओटीपोटावर सतत ऊब देणारी पट्टी बांधली, काहींना ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिवसातून तीनदा दिलं, काहींना दोन्ही दिलं, आणि काहींना गरम न होणारी पट्टी व औषध नसलेली गोळी दिली. दोन दिवस पाहिलं. ऊब देणारी पट्टी आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरली. आणि ज्यांना दोन्ही मिळालं त्यांना जाणवण्याइतका आराम सरासरी दीड तासात पडला. फक्त गोळी घेणाऱ्यांना पावणेतीन तास लागले. दुसऱ्या एका चाचणीत हीच ऊब पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरली.

यातली एक गोष्ट आपल्याकडे फार कामाची आहे. त्या पट्टीची उष्णता होती जेमतेम ३९ अंश, म्हणजे अंगात ताप असताना कपाळ जेवढं गरम लागतं तेवढीच. पट्टी बांधून ठेवली होती मात्र बारा-बारा तास. म्हणजे चटका बसेल असा शेक द्यायची गरजच नाही. सौम्य ऊब जास्त वेळ मिळाली पाहिजे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. उकळतं पाणी भरायचं, पाच मिनिटं "आई गं" करत धरायचं, आणि गार झाली की पिशवी बाजूला टाकायची.

पुराव्याची मर्यादाही सांगायला हवी. शेकावरच्या चाचण्या थोड्या आहेत आणि छोट्या आहेत. शिवाय आपली पट्टी गरम आहे की गार, हे बाईला कळतंच. ते लपवता येत नाही, त्यामुळे मनाचा भाग किती हे पूर्ण वेगळं करता येत नाही. तरी २०१८ मध्ये अशा चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही कल शेकाच्या बाजूनेच निघाला. खर्च नाही, धोका कमी, गुण बरा. एवढ्यावर शेक घ्यायला हरकत नाही.

घरी शेक कसा द्यायचा

रबरी पिशवी असेल तर उकळत्या पाण्यात तेवढंच किंवा थोडं जास्त गार पाणी मिसळा. पिशवी दोन तृतीयांश भरा, उभी धरून दाबा आणि आतली वाफ-हवा काढून टाका, मग बूच घट्ट लावा. हवा राहिली की पिशवी फुगते, पोटावर नीट बसत नाही आणि दाब पडला तर बूच उडू शकतं. बूच लावल्यावर मोरीत उलटी धरून गळते का ते बघा. रबर वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर ती पिशवी फेकून द्या. अशा जुन्या पिशव्या फुटून भाजण्याचे प्रकार होतात.

पिशवी थेट कातडीवर नको. टॉवेलची दुहेरी घडी मध्ये घ्या. बेंबीच्या खाली, ओटीपोटावर ठेवा. कंबर दुखत असेल तर आलटून पालटून कंबरेलाही. एका वेळी वीस मिनिटं, मग थोडी विश्रांती, पुन्हा वीस मिनिटं. पहिल्या दिवशी असं पाच-सहा वेळा झालं तरी चालतं. पिशवी पोटावर ठेवून झोपी जायचं नाही. झोपेत चटका उशिरा कळतो.

पिशवी नसेल तर जाडं मीठ आहेच. पाव किलो मीठ तव्यावर चार-पाच मिनिटं परता, जाड सुती फडक्याच्या दुहेरी घडीत बांधून पुरचुंडी करा. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे आरामात सोसत असेल तरच पोटावर. नायलॉनचं, साडीच्या काठाचं कापड नको, ते वितळतं. पुरचुंडी पंधरा-वीस मिनिटांत निवते, मीठ पुन्हा तापवता येतं. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरू नका. ती बाटली मऊ पडून आवळते आणि बूच सुटतं.

विजेवर तापणारी जेलची पिशवी आता भूमच्या बाजारातही मिळते. ती तापवताना अंगावर ठेवायची नाही. तापली, पिन काढली, मगच पोटावर घ्यायची. लाइट गेली-आली की ही पिशवी किती तापली याचा अंदाज चुकतो, तेवढं ध्यानात असू द्या.

आणखी एक चूक सर्रास होते. पोटाला किंवा कंबरेला झोंबणारा बाम चोळायचा आणि वरून शेक द्यायचा. बामाने कातडीला गरम-गार नीट कळत नाही, आणि त्यावर उष्णता दिली की फोड येतात. एक तर बाम, नाहीतर शेक. दर महिन्याला त्याच जागी फार गरम शेक घेतल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटले, तर उष्णता कमी करायची वेळ झाली असं समजा.

जाता जाता, खव्याच्या भट्टीपुढे उभं राहणाऱ्या बाया म्हणतात, "आम्हाला दिवसभर शेकच की." तो शेक नव्हे. सगळ्या अंगाला धग लागून घाम गाळणं वेगळं आणि ओटीपोटाला ऊब देणं वेगळं. धगीत अंगातलं पाणी कमी होतं, त्याने चक्कर येते, आणि पुढे सांगितल्याप्रमाणे गोळीही त्रास देऊ शकते.

व्यायाम : आजच्या कळेसाठी नाही, पुढच्या महिन्यांसाठी

व्यायामाबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. "पाळीत हलायचं नाही" हाही चुकीचा, आणि "दुखतंय ना, जोर मार, थांबेल" हाही.

२०१९ मध्ये १२ चाचण्या, सुमारे साडेआठशे महिला, असा सगळा माल एकत्र करून तपासण्यात आला. आठवड्यातून किमान तीन दिवस, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभराच्या मापावर साधारण २५ अंकांनी कमी झालं. हा फरक लहान नाही. ७० वर असलेलं दुखणं ४५ वर आलं तर मुलगी शाळेत बसू शकते. व्यायाम जोराचा होता की सौम्य, ताणाचा होता की योगासनांचा, याने फारसा फरक पडला नाही. पण या चाचण्यांचा दर्जा कमी आहे, असं तपासणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणून "फायदा होण्याची शक्यता बरी आहे" एवढंच म्हणणं प्रामाणिक.

महत्त्वाचं हे, की हा फायदा महिनाभर नियमित केल्याचा आहे. कळ उठल्यावर अंगणात दहा उड्या मारल्याचा नाही. इराणमध्ये २०११ साली विद्यार्थिनींवर एक चाचणी झाली, त्यात भुजंगासन, मार्जारासन आणि मत्स्यासन अशी तीनच आसनं होती, आणि ती पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात करायची होती. त्या मुलींचं दुखणं कमी झालं आणि कमी वेळ टिकलं. ही आसनं घरात गोधडीवर करता येतात, त्याला मैदान लागत नाही, आणि "पोरगी कुठं पळायला जाते" असं कुणी विचारतही नाही.

पाळी चालू असताना काय करायचं? सोसेल तेवढं चालणं, गुडघे छातीशी घेऊन पडणं, मांजरीसारखी पाठ वर-खाली करणं. बरं वाटलं तर करायचं, नाही वाटलं तर सोडून द्यायचं.

इथे शेतातल्या बायांचा प्रश्न येतो. "आम्ही दिवसभर खुरपतो, आम्हाला व्यायाम कशाला?" चाचण्यांमध्ये खुरपणी किंवा मोळी वाहणं कुणी तपासलेलं नाही. आमच्या मते दोन्ही एक नव्हेत. तासन्‌तास वाकून बसल्याने कंबर आखडते, आणि मनासारखं थांबण्याची सोय नसते. दिवसभर वाकलेल्या बाईला पाठ मागे ताणणारं भुजंगासन दहा मिनिटं केलेलं बरं वाटेल. तासभर आणखी घाम गाळण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नये.

गोळीचं गणित

पाळीच्या कळांवर या वेदनाशामक गोळ्यांचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे. २०१५ मध्ये ८० चाचण्या एकत्र पाहिल्या, त्यात औषध नसलेल्या गोळीने शंभरातल्या १८ जणींना चांगला आराम पडला, तर खऱ्या गोळीने ४५ ते ५३ जणींना. म्हणजे निम्म्या जणींना गोळीनेही पुरेसा आराम पडत नाही. शेकाची जोड लागते ती इथे.

मोठ्या मुलीला किंवा बाईला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, काहीतरी खाऊन, गरज लागली तर आठ तासांनी पुन्हा, आणि दिवसात तीनपेक्षा जास्त नाही. दोन-तीन दिवसांत हे थांबलं पाहिजे. शाळकरी मुलीसाठी मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांना विचारूनच. दुकानातून बहुतेक वेळा मिळते ती मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन यांची जोडगोळी. तीही चालते. पण ती आणि आयबुप्रोफेन एकाच दिवशी घ्यायच्या नाहीत, दोन्ही एकाच जातीच्या आहेत. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक सूचना काढली होती. क्वचित कुणाला गोळीनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अंगावर पुरळ, ताप आणि गाठींना सूज येते. असं झालं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठायचा. प्रकार दुर्मिळ आहे, त्यासाठी गोळी टाकून द्यायची गरज नाही.

पोटात अल्सर, किडनीचा आजार, अशा गोळीने वाढणारा दमा, किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. उन्हात राबताना पाणी कमी प्यायलं असेल तरी जपून, कारण कोरड्या अंगावर ही गोळी किडनीला ताण देते. तिथे पॅरासिटामॉल आणि शेक हा मार्ग बरा. पॅरासिटामॉलचा गुण थोडा कमी, पण पोटाला सोपं. आणि गोळीने "पिशवी खराब" होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही.

आता पेपरच्या दिवसाकडे परत येऊ. समजा त्या मुलीला गोळ्या चालतात आणि मात्रा डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलीय. सहाला पाळी आली. सव्वासहाला अर्धी भाकरी किंवा दोन बिस्किटं आणि गोळी. साडेसहा ते सात पोटावर पिशवी, त्यातच पुस्तक हातात. साडेआठपर्यंत गोळीचा जोर धरतो. निघताना पुन्हा वीस मिनिटं शेक. परीक्षेच्या हॉलमध्ये पिशवी नेता येत नाही, पण सलवारीच्या आत घट्ट सुती कापडाची घडी बांधली तर ऊब थोडी टिकते. पेपर दोनला सुटला की खाऊन, आठ तास झाले असतील तरच दुसरी गोळी. हे पहिल्यांदा पेपरच्या दिवशी करून बघू नका. एक-दोन महिने आधी साध्या दिवशी करून पाहा.

बाकीचे उपाय

सुंठीवर काही चाचण्या झाल्या आहेत. दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम सुंठ पावडर, पहिले तीन दिवस. थोडा गुण दिसला, पण चाचण्या छोट्या. अर्धा चमचा सुंठ गुळात घेतली तर नुकसान नाही, पित्त उसळत असेल तर नको. ओवा, बडीशेप घ्यायची तर घ्या, त्यावर गोळी सोडू नका. फिजिओथेरपिस्टकडे विजेच्या हलक्या लहरी देणारं छोटं यंत्र असतं, त्याने काही जणींना आराम पडतो. ॲक्युपंक्चरबद्दल ठाम सांगता येईल असा पुरावा नाही.

हे दुखणं साधं नाही, हे कसं ओळखायचं

साधं दुखणं पाळी सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत लागतं, रक्तस्राव सुरू होताना किंवा काही तास आधी येतं, दोन-तीन दिवसांत जातं आणि दर महिन्याला साधारण सारखंच असतं. पंचविशी-तिशीनंतर नव्याने सुरू झालेलं, दर वर्षी वाढत चाललेलं, पाळी नसतानाही राहणारं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला होताना दुखणारं, किंवा तासाला एक पॅड भिजवणारं दुखणं वेगळं. त्यामागे गर्भाशयातली गाठ, जंतुसंसर्ग किंवा एंडोमेट्रिओसिस असू शकतो. ताप, घाण वासाचा स्राव, किंवा पाळी चुकल्यावर एका बाजूला उठलेली जोराची कळ असेल तर शेक देत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

दुखण्याला कंटाळून "पिशवीच काढून टाका" म्हणणं आपल्या भागात नवीन नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत खाडा पडला तर पैसे कापले जातात, हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. साध्या पाळीच्या कळांसाठी ऑपरेशन हा उपाय नाही. कुणी पहिल्याच भेटीत तसं सांगितलं तर भूमच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा धाराशिवला स्त्रीरोगतज्ज्ञांना दुसऱ्यांदा दाखवा. सोनोग्राफीचा कागद सोबत न्या.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन महिने वहीत चार गोष्टी लिहून ठेवा : पाळी कोणत्या तारखेला आली, पहिल्या दिवशी दुखणं दहापैकी किती, गोळी किती वाजता घेतली, आणि दोन तासांनी दहापैकी किती राहिलं. शेक घेतला असेल तर शेजारी खूण करा. गोळी वेळेवर घेऊन, शेकाची जोड देऊनही तीन महिन्यांत आकडा खाली आला नाही, तर ती वही घेऊन जा. नुसतं "लई दुखतंय" सांगण्यापेक्षा त्या चार रकान्यांवरून डॉक्टरांना पुढची तपासणी ठरवणं सोपं जातं. मुलगी बोलायला लाजत असेल तर गावातल्या आशाताईंना आधी सांगा, त्या सोबत येतात.